मदत हवी आहे: तारीख उलटलेले नूडल्स आणि किडे असलेलं गुलाबजाम मिक्स

चिपळूणचं घर आठ महिन्यांनी उघडलं. कपाटात न फोडलेली नूडल्सची 4 पाकिटं (बेस्ट बिफोर उलटून 5 महिने), ढोकळा मिक्स (2 महिने) आणि गुलाबजाम मिक्सची 2 पाकिटं सापडली. गुलाबजामच्या एका पाकिटात बारीक तपकिरी किडे फिरताना दिसतात. सासूबाई म्हणतात, "रवा चाळतो तसं चाळून घे." नवऱ्याला दमा आहे, धुळीची अ‍ॅलर्जीही आहे. काय करू?
– मृण्मयी

चाळा आणि तळा. तेलाच्या उष्णतेत किडे, अंडी सगळं मरतं. आम्ही असंच करतो.
– गोट्या

तांदळात तमालपत्र घाला, पोरकिडे होत नाहीत. माझ्या 20 किलो तांदळाला झाले होते, उन्हात घातले तर दाणा तुटायला लागला. सावलीत वाळवावेत का?
– सुलभाताई

सुलभाताई, सावलीतच. पण इथे प्रश्न मिक्सचा आहे. गोट्या, किडे मरतात हे खरं, पण त्यांची विष्ठा, कात आणि अंगातून सुटलेली उग्र द्रव्यं पिठातच राहतात. टोके फार झाले की पिठाला तिखट वास येतो, कधी गुलाबी छटाही. चाळणीने ते जात नाही. शिवाय जुन्या मिक्समध्ये डोळ्यांना न दिसणारे माइट्स होऊ शकतात. धुळीच्या अ‍ॅलर्जीवाल्याला ते पोटात गेले तर घसा सुजून श्वास अडकल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, आणि शिजवून, तळूनही तो धोका जात नाही. मृण्मयी, ते पाकीट टाकाच.

नूडल्स बहुतेक पामतेलात तळलेले असतात, त्यामुळे आधी तेल खवटतं. एक पाकीट फोडून वास घ्या. जुन्या फरसाणासारखा किंवा रंगासारखा वास आला तर चारही टाका. मसाल्याच्या पुडीचा गोळा झाला असेल तर ओल शिरली आहे.
– विनया (पंधरा वर्षं अन्नप्रक्रियेत)

नूडल्स खवट निघाले, टाकले. गुलाबजामच्या पाकिटाच्या शिवणीजवळ टाचणीएवढं भोक आहे. दुसरं पाकीट नीट दिसतं, पण त्याच डब्यात होतं.
– मृण्मयी

कडा बाहेर वळलेल्या असतील तर किडा आतून निघालाय, आत वळलेल्या असतील तर बाहेरून शिरलाय. पण टोके सहसा स्वतः भोक पाडत नाहीत, शिवणीच्या फटीतून घुसतात. दुसरं पाकीट मी नवऱ्याला तरी देणार नाही. डबा रिकामा करा, कोपरे ब्रशने झाडा, पुसून कोरडा होऊ द्या.
– विनया

आणि ढोकळा मिक्स? वास ठीक आहे, किडे नाहीत.
– मृण्मयी

चमचाभर कोमट पाण्यात टाका. फसफसलं नाही तर ओलीने आतला सोडा आधीच संपलाय, ढोकळा चपटाच होईल.
– विनया

माझं फसफसलं नाही तरी वरून इनो घालून फुलला होता :) 3 महिने उलटलेलं होतं, काही झालं नाही.
– गोट्या

इनोने फुलेल, पण बेसनाचा खवटपणा जाणार नाही. आणि ज्या घरात दमा आहे तिथे, फसफसलं तरी, मला खात्री देता येणार नाही. पाकिटावर 'बेस्ट बिफोर' आहे की 'यूज बाय'? 'यूज बाय' असेल तर विषय तिथेच संपला.
– विनया

अक्षरं पुसट झालीत. भिंगाने बघून सांगते.
– मृण्मयी