मदत हवी आहे: आईच्या गॅलरीत पासवर्डचे स्क्रीनशॉट, नुसते डिलीट करून भागेल का?

चिवडागल्ली:
आईचा नवीन फोन सेट करतोय. जुन्या फोनच्या गॅलरीत बघितलं तर इमेलचा पासवर्ड, कार्डाचे पुढून मागून फोटो, भरपूर ओटीपी, आणि ऑथेंटिकेटर ॲप लावताना जो क्यूआर येतो त्याचा पण स्क्रीनशॉट. ती म्हणते फोनला लॉक आहे, माझ्याशिवाय कोण बघणारे, आणि मला लक्षात राहत नाही म्हणून ठेवते. मुद्दा तिचाही बरोबर आहे म्हणा. तर खरंच धोका आहे का, आणि तिला झेपेल असा पर्याय काय?

टेकडीवाला:
लॉक फक्त फोन हातात घेणाऱ्याला अडवतो. फोटोंची परवानगी दिलेलं ॲप मात्र आतच असतं, आणि एकदा 'सगळे फोटो' म्हटलं की पुढच्या वेळी ते विचारत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने स्पार्ककॅट नावाचा मालवेअर उघड केला, तो असलेली ॲप्स प्ले स्टोअर आणि ॲपल स्टोअर दोन्हीकडे होती. गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचायचा आणि त्यातले क्रिप्टो वॉलेटचे रिकव्हरी शब्द दिसणारे फोटो बाहेर पाठवायचे, एवढंच काम. आज ते शब्द शोधतायत, उद्या पासवर्ड शोधायला काय लागतं. गूगल फोटोजच्या सर्चमधे password टाकून बघ, जे तुला दिसेल तेच दुसऱ्यालाही वाचता येतं.

सायलेंटमोड:
एवढं घाबरायचं कारण नाही, ते सगळे लॉक्ड फोल्डरमधे टाक, झालं काम.

टेकडीवाला:
अर्धं बरोबर. बाकीच्या ॲप्सना तिथलं दिसत नाही हे खरं. पण त्या फोल्डरचा बॅकअप बंद असेल आणि फोटोज ॲप काढलं किंवा फोन रिसेट केला तर आतलं सगळं गेलं. आणि चिवडागल्ली तर फोनच बदलतोय!

पावसाळी:
माझ्या बँकेच्या ॲपमधे स्क्रीनशॉट काढला की काळा येतो, ते कसं चालू करायचं कोणी सांगेल का? मलाही असंच जपून ठेवायचंय.

मीठभाकर:
@पावसाळी, ते मुद्दाम बंद केलेलं असतं, राहू दे तसंच 😅

@चिवडागल्ली, ओटीपीचे स्क्रीनशॉट बिनधास्त उडव, ते काही मिनिटांत मेलेले असतात. खरी भानगड त्या क्यूआरची आहे. त्यात ती गुप्त की असते जिच्यावरून दर ३० सेकंदांनी कोड तयार होतो, आणि ती की जुनी होत नाही. म्हणजे तो फोटो दोन वर्षांनी जरी कोणी स्कॅन केला तरी त्याच्या फोनवर आईच्याच फोनमधले कोड येत राहणार, आईला पत्ताही लागणार नाही. त्यामुळे फोटो डिलीट करून ती की रद्द होत नाही. खात्याच्या सिक्युरिटी सेटिंगमधे जाऊन ऑथेंटिकेटर काढ आणि नव्याने जोड, नवा क्यूआर येईल, जुना तिथेच निकामी. बॅकअप कोडचा स्क्रीनशॉट असेल तर तेही नवीन काढ, गूगलचे १० असतात, नवीन काढले की जुने बाद. हे कोड कागदावर लिहून कपाटात ठेव, फोनमधे नको.

क्रम पाळ मात्र. आधी पासवर्ड मॅनेजरमधे सगळं भर, नवीन फोनवरून लॉगिन होतंय का बघ, मग पासवर्ड बदल, त्यात इमेलचा सगळ्यात आधी कारण बाकीचे पासवर्ड रिसेट करायच्या लिंका तिथेच येतात. फोटो उडवायचे सगळ्यात शेवटी. आणि ट्रॅश रिकामा कर, गूगल फोटोजमधे बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमधे ६० दिवस पडून असतो, आयफोनवरही महिनाभर राहतो. हे फोटो चॅटवर कोणाला पाठवले असतील तर त्या कॉप्या वेगळ्या.

चिवडागल्ली:
क्यूआरचं डोक्यातच नव्हतं. कार्डाचं काय पण? आणि मॅनेजर म्हणजे आईने अजून एक पासवर्ड लक्षात ठेवायचा, तिथेच गाडी अडणार.

मीठभाकर:
कार्डाचा नंबर मॅनेजरमधे ठेव, मागचे तीन आकडे टाकू नकोस, कार्डावर आहेतच की. ते फोटो कुठे कुठे सिंक झालेत ते कळत नसेल तर मी सरळ कार्ड बदलून घेतलं असतं. आईसाठी फोनसोबत येणारा मॅनेजरच बरा, बोटाच्या ठशाने उघडतो, वेगळा पासवर्ड नको.

टेकडीवाला:
इथे मी सहमत नाही. फोनसोबतचा मॅनेजर म्हणजे फोनचा पिन कळला की सगळं उघडं. मी बिटवॉर्डन हे वेगळं मॅनेजर ॲप देईन, मास्टर पासवर्ड चार-पाच शब्दांचा, कागदावर लिहून घरात.

मीठभाकर:
आणि तो कागद हरवला की? बिटवॉर्डनवाले तो पासवर्ड परत काढून देत नाहीत. मग आई फिरून परत स्क्रीनशॉटवरच येणार.

चिवडागल्ली:
आत्ता ऑथेंटिकेटर काढून परत जोडला, चालतोय. मॅनेजरचं आईला दोन्ही दाखवून ठरवतो. जुन्या फोनवर दोन फोटो एडिटर ॲप्सना सगळ्या फोटोंची परवानगी दिसतेय, ती ॲप्स कोणी टाकली हे तिलाही आठवत नाहीये.

टेकडीवाला:
उडव ती. आणि इमेलच्या सेटिंगमधे कोणकोणत्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते बघून इथे सांग.