डावं पान कोरं ठेवा

«वारीच्या वहीत माझे फक्त मुक्काम आणि वेळा आहेत. मनातला बदल कसा टिपायचा?»

मी उजव्या पानावर त्याच संध्याकाळी लिहितो, डावं कोरं ठेवतो. दिवेघाट चढून सासवडला पोचलो तेव्हा उजवीकडे लिहिलं, ‘टँकरपाशी एक आजी रांग मोडून पुढे घुसल्या. भांडलो.’ पुढे लोणंदच्या मुक्कामी ते वाचून डावीकडे लिहिलं, ‘आज एकाला मीच पुढे जाऊ दिलं. तेव्हा घाई कसली होती?’

‘शांत वाटलं’, ‘धन्य झालो’ असं काही लिहिलं गेलं की मी खोडतो. त्यामागे प्रसंग सापडत नाही (बहुधा नुसते पाय दुखायचे थांबलेले असतात). उजवं पान मात्र नंतर सुधारायचं नाही, कितीही लाज वाटली तरी.