सलूनच्या वेबसाइटवर ‘रद्द करा’ बटण द्यावं, की फोनच करायला लावावा?

वेबवाला_कोथरूड:
कोथरूडमधल्या एका सलूनसाठी बुकिंगचं पान करतोय. चार खुर्च्या, तीन स्टायलिस्ट. मालकीणबाईंचं म्हणणं असं की बुकिंग ऑनलाइन घ्या, पण रद्द करायचं किंवा वेळ बदलायची तर ग्राहकाने फोनच केला पाहिजे. बटण दिलं की लोक ऊठसूट रद्द करतात म्हणे. मला हे पटत नाही. अनुभवी मंडळींचं मत हवंय. रिमाइंडर कधी पाठवायचा तेही सांगा.

नाशिकची_पार्लरवाली:
मालकीणबाई बरोबर सांगतायत. शनिवारी सकाळी एक ग्लोबल कलर रद्द झाला की त्या स्टायलिस्टचा दुपारपर्यंतचा धंदा गेला. फोन आला तर मी बोलू शकते. “ताई, आज जमत नसेल तर निदान संध्याकाळी ५ ला रूट टच-अप करून जा” असं म्हटलं की बऱ्याच जणी येतात. बटणाला हे जमणार नाही. समोर माणूस असला की ‘नाही’ म्हणताना माणूस विचार करतो. बटण दाबायला काय लागतं?

वेळापत्रक_वाला:
असहमत, ताई. फोनवर तुम्ही गिऱ्हाईक वाचवता हे खरं आहे, पण ते फोन करणाऱ्यांपुरतंच. ज्यांना फोन करायचा संकोच वाटतो ते न कळवता येतच नाहीत, आणि त्यांच्याशी बोलायची संधी तुम्हाला मिळतच नाही. शिवाय बेत रात्री ९-१० ला बदलतात, तेव्हा सलून बंद असतं. दिवसा फोन केला तर तुमच्या हातात ब्रश आणि ग्लोव्ह्ज.

वेबवाला, बटण असल्याने लोक किती रद्द करतात यापेक्षा ते कधी कळतं हे महत्त्वाचं आहे. शनिवारी ११ ची वेळ शुक्रवारी रात्री ९ ला मोकळी झाली तर हातात १४ तास आहेत. तीच शनिवारी सव्वाअकराला कळली तर काहीच नाही.

पण मोकळी झालेली वेळ म्हणजे नक्की काय, हे तुमच्या सिस्टिमला कळतंय का ते आधी बघा. ग्लोबल कलर धरा: ११:०० ते ११:४० लावणं, ११:४० ते १२:१५ रंग मुरू देणं, १२:१५ ते १२:५५ धुऊन ब्लो ड्राय. मधली ३५ मिनिटं खुर्ची अडकलेली असते, स्टायलिस्ट मोकळी असते. म्हणून तिला तुम्ही ११:४० ते १२:१० चा एक हेअरकट दिलात. आता कलरवाल्या बाई आल्या नाहीत. बरेच बुकिंग प्रोग्रॅम इथे ‘११:०० ते १२:५५ मोकळं’ असं दाखवतात आणि पुढेही मोकळं असेल तर ११:१५ ला नवा कलर घेतात. तो लावणं ११:५५ पर्यंत चालणार आणि ११:४० च्या हेअरकटवर आदळणार. नवा कलर तिथे ११:०० लाच बसतो, किंवा मग हेअरकट संपल्यावर १२:१० पासून. त्यामुळे अपॉइंटमेंट हा एक अखंड तुकडा धरू नका. स्टायलिस्टचे हात कधी अडकलेत ते वेगळं ठेवा, खुर्ची कधी अडकलीय ते वेगळं.

शिस्तप्रिय_ठाणेकर:
एवढा विचार कशाला? सगळ्यांकडून ५०% ॲडव्हान्स घ्या, यूपीआयने. पैसे अडकले की माणूस येतोच. आणि रद्द करायचं बटण न देणं बेकायदा आहे, २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पानांच्या, नियमांनुसार. मालकीणबाईंना तेवढं सांगा, विषय संपला.

वेळापत्रक_वाला:
ॲडव्हान्सबाबत अर्धं मान्य. नियमाबाबत नाही. त्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रद्द करणं अवघड करण्याचा मुद्दा वर्गणीच्या सापळ्याखाली येतो, म्हणजे दर महिन्याला पैसे कापणारी सेवा. एकदाच्या अपॉइंटमेंटला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र त्याच सूचनांमधली दुसरी गोष्ट इथे लागू होते: किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं. सेवा निवडली, वेळ निवडली, नाव-नंबर भरला आणि शेवटच्या पानावर ‘५०० रुपये आगाऊ, परत मिळणार नाहीत’ असं आलं तर ते चूक आहे. ही ओळ सेवेच्या किमतीशेजारीच दिसली पाहिजे.

आणि सरसकट ५०% नको. आयब्रोसाठी कोण आगाऊ पैसे भरणार? ज्या कामात स्टायलिस्टचा तासाहून जास्त वेळ जातो, म्हणजे कलर, केराटिन, ब्रायडल, तिथेच ठरावीक रक्कम घ्या.

यूपीआयची एक अडचण ध्यानात ठेवा. पैसे भरेपर्यंत ती वेळ तुम्ही १० मिनिटं धरून ठेवणार. कधीकधी पेमेंट ‘प्रलंबित’ राहतं आणि यशस्वी झाल्याचा निरोप बाराव्या मिनिटाला येतो. तोवर ती वेळ दुसऱ्याला गेलेली असू शकते. निरोप आला की वेळ अजून मोकळी आहे का ते पुन्हा तपासा. असेल तर पक्की करा. नसेल तर पैसे लगेच परत पाठवून ग्राहकाला कळवा. ‘पैसे आले म्हणजे बुकिंग झालं’ असं धरलंत तर एका खुर्चीवर दोघी येऊन उभ्या राहतील.

डोंबिवली_फास्ट:
आमच्याकडच्या जेंट्स सलूनला अपॉइंटमेंटची भानगडच नाही. रविवारी टोकन घ्यायचं, समोर चहा प्यायचा, नंबर आला की बसायचं. तुम्हीही टोकनच द्या ना. दाढी-कटिंगला कसलं आलंय रिशेड्यूल?

वेबवाला_कोथरूड:
दादा, इथे कलर आणि केराटिनचं काम जास्त आहे, एकेक गिऱ्हाईक दोन-तीन तास बसतं. टोकनवर नाही चालणार. पण एक प्रश्न पडला: न कळवता थेट दुकानात येणाऱ्यांचं काय करायचं?

नाशिकची_पार्लरवाली:
त्याचं मी सांगते. थेट आलेल्यांनाही त्याच कॅलेंडरवर चढवायचं, खुर्चीत बसवायच्या आधी. आमच्या मुली वहीत लिहायच्या. मग वेबसाइटवर साडेबारा मोकळे दिसायचे आणि इकडे खुर्चीत बाई बसलेली. काउंटरवर एक टॅब ठेवा आणि ‘आत्ता आले’ असं मोठं बटण द्या: सेवा निवडली, स्टायलिस्ट निवडली, झालं. नाव-नंबर सक्तीचे केलेत तर घाईत कोणी भरणार नाही.

वेबवाला_कोथरूड:
हे डोक्यात नव्हतं, घेतो. आता वेळ बदलण्याबद्दल. मी सध्या जुनं रद्द करून नवीन बुकिंग करायला लावतोय. चालेल ना?

वेळापत्रक_वाला:
नाही चालणार. बाईंनी शनिवारची वेळ सोडली, रविवारची निवडता निवडता कोणीतरी ती घेतली, आता त्यांच्याकडे दोन्ही नाहीत. नवी वेळ मिळाली तरच जुनी सुटली पाहिजे, आणि दोन्ही एकाच व्यवहारात. दुसरं असं की ११:०० वरून ११:१५ ला सरकायचं असलं तर त्यांची स्वतःचीच बुकिंग आड येते आणि पान ‘वेळ उपलब्ध नाही’ म्हणतं. मोकळ्या वेळा शोधताना त्याच ग्राहकाची जुनी वेळ वगळून शोधा.

पोस्टग्रेस वापरत असाल तर टक्कर डेटाबेसलाच अडवू द्या (आधी `btree_gist` एक्स्टेन्शन चालू करा):

```sql
ALTER TABLE work_blocks
ADD CONSTRAINT no_clash EXCLUDE USING gist
(stylist_id WITH =, during WITH &&);
```

कलरच्या बुकिंगच्या इथे दोन ओळी होतील, लावण्याची आणि धुण्याची. बदल करताना एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जुन्या ओळी काढा आणि नव्या घाला. नवी आदळली तर सगळंच मागे फिरतं, जुनी वेळ शाबूत राहते. खुर्च्यांसाठी असाच दुसरा तक्ता.

आणि एक पळवाट बंद करा. समजा २४ तास आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे परत. एखाद्याने शुक्रवारी रात्री शनिवारची वेळ पुढच्या बुधवारवर ढकलली आणि मग निवांत बुधवारची रद्द केली, तर शनिवार वाया जाऊनही पैसे परत द्यावे लागतात. म्हणून शेवटच्या २४ तासांत वेळ बदलली तर ॲडव्हान्स नव्या तारखेला वळता होईल, पण परत मिळणार नाही, असं ठेवा. बटण दाबण्याआधी त्या पानावर हे स्पष्ट लिहा.

टेस्टिंगवाली_औंध:
रिमाइंडरचं कोणी बोललंच नाही. मी जिथे जाते तिथे वेळ बदलून घेतली तरी जुन्या वेळेचा रिमाइंडर आला. बुकिंग होतानाच संदेश रांगेत टाकून ठेवला असणार. पाठवायच्या क्षणी बुकिंग पुन्हा वाचायला हवी: अजून आहे का, तीच वेळ आहे का.

आणि संदेशातल्या लिंकवर टिचकी मारताच रद्द होईल असं काही करू नका. काही फोन आणि मेसेजिंग ॲप पूर्वदृश्य दाखवायला लिंक स्वतःच उघडतात, आणि माणसाने हात न लावता अपॉइंटमेंट रद्द होते. लिंकने फक्त पान उघडावं, रद्द करणं त्या पानावरच्या बटणानेच व्हावं.

वेळापत्रक_वाला:
दोन्ही मुद्दे अगदी बरोबर. वेळेबद्दल भर घालतो. सगळे ‘२४ तास आधी’ रिमाइंडर पाठवतात. पण फुकट रद्द करायची मुदतही २४ तासांचीच असेल तर संदेश वाचेपर्यंत ती संपलेली असते. शनिवारी ११ साठी पहिला रिमाइंडर गुरुवारी संध्याकाळी ६ ला पाठवा, त्यात ‘उद्या सकाळी ११ पर्यंत मोफत बदलता येईल’ ही ओळ घाला. दुसरा शनिवारी सकाळी, फक्त वेळ आणि पत्ता. शुक्रवारी दुपारी बुकिंग केलेल्याला पहिला पाठवूच नका.

एसएमएसने पाठवणार असाल तर मजकुराचा नमुना डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर, नोंदवावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून आतली लिंकही मान्य यादीत असावी लागते, नाहीतर संदेश पोचतच नाही. हे काम साइट सुरू व्हायच्या आधी उरका.

नाशिकची_पार्लरवाली:
बरं, आदल्या दिवशीपर्यंत बटण असू दे, पटलं. पण शेवटच्या २४ तासांत फोनच. तिथे मी हटणार नाही. ॲडव्हान्स ठेवून घेतला तरी स्टायलिस्टचे दोन तास त्यात भरून निघत नाहीत. बोलले तर गिऱ्हाईक तरी येईल.

वेळापत्रक_वाला:
मी तिथेही बटण ठेवीन, त्याच्या वर ‘फोन करा, आजचीच दुसरी वेळ बघू’ असं मोठ्या अक्षरात देईन. बटण काढलंत तर रात्री १० ला बेत बदललेली बाई सकाळपर्यंत गप्पच राहते.

शिस्तप्रिय_ठाणेकर:
आणि मोकळी झालेली वेळ प्रतीक्षा यादीतल्या सगळ्यांना एकदम कळवायची की एकेकाला?

नाशिकची_पार्लरवाली:
एकेकाला. नाहीतर पाच जणी धावतात आणि चौघी नाराज होतात.

वेळापत्रक_वाला:
दिवसभर हाताशी असेल तर एकेकाला, प्रत्येकीला अर्धा तास देऊन. रात्री ९ ला उद्या सकाळची वेळ सुटली असेल तर मी सगळ्यांना एकदम पाठवतो. अर्ध्या-अर्ध्या तासाने तिसऱ्या बाईपर्यंत पोचेपर्यंत रात्रीचे १० वाजतात, त्यापुढे संदेश पाठवणं बरं नाही.

वेबवाला_कोथरूड:
मालकीणबाईंशी बोललो. २४ तास आधीपर्यंत बटण, त्यानंतर फोनचा नंबर वर आणि बटण खाली, दोन महिने असं चालवून बघायला तयार झाल्यात. किती जणी न कळवता आल्या नाहीत आणि सुटलेल्या वेळांपैकी किती पुन्हा भरल्या, हे दोन आकडे दर सोमवारी त्यांना काढून देणार आहे. प्रतीक्षा यादीचं अजून ठरलं नाही.