मदत हवी आहे: कॅलिब्रेशनच्या एनसीचे उत्तर ऑडिटरने परत पाठवले

चाकण_क्वालिटी:
आमच्याकडे शाफ्टचे ग्राइंडिंग होते. आयएसओ ९००१ च्या सर्व्हेलन्स ऑडिटमध्ये मशीनवर वापरात असलेल्या एका मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची मुदत संपलेली आढळली आणि मायनर एनसी मिळाली. आम्ही मूळ कारण ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’, कृती ‘ऑपरेटरला प्रशिक्षण दिले व मायक्रोमीटर कॅलिब्रेट करून घेतला’ आणि पूर्ततेची तारीख ‘त्वरित’ असे लिहून पाठवले. ते ‘मूळ कारण अपुरे’ एवढ्याच शेऱ्यासह परत आले. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे, तेव्हा कोणाकडे तयार मसुदा असल्यास कृपया द्यावा.

गेजरूम:
तयार मसुदा इथे चालणार नाही, कारण तुमचा मायक्रोमीटर मशीनवर का राहिला हे त्यात असणार नाही. तो मास्टर लिस्टमध्ये होता का? मुदत संपण्यापूर्वी तो परत मागवला गेला होता का? आणि कॅलिब्रेशनच्या वेळी, दुरुस्तीपूर्वी, त्यात किती फरक निघाला?

सह्याद्री७१:
एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच कॅलिब्रेशन करून घ्यावे आणि प्रमाणपत्र उत्तरासोबत जोडावे, म्हणजे ऑडिटर हरकत घेत नाही.

चाकण_क्वालिटी:
प्रयोगशाळा मान्यताप्राप्तच आहे, प्रश्न तो नाही. मायक्रोमीटर मास्टर लिस्टमध्ये आहे, परंतु तिथे त्याची जागा जुनी लाइन अशी आहे. लाइन हलवली तेव्हा तो ग्राइंडिंगकडे आला. गेज गोळा करणारा मुलगा जुन्या जागी गेला, त्याला तो मिळाला नाही, म्हणून त्याने रजिस्टरमध्ये ‘सापडला नाही’ असे लिहिले. दुरुस्तीपूर्वी २० मि.मी.च्या स्लिप गेजवर तो ०.००४ मि.मी. कमी दाखवत होता.

गेजरूम:
मूळ कारण तुमच्याच उत्तरात आहे. गेज दुसऱ्या जागी हलवताना नोंद करण्याची पद्धत नाही आणि ‘सापडला नाही’ अशी नोंद झाल्यावर पुढे कोणी काय करायचे हे कुठेही ठरलेले नाही. ऑपरेटर बदलला तरी या दोन्ही गोष्टी तशाच राहतील, म्हणून केवळ प्रशिक्षणाचे उत्तर स्वीकारले गेले नाही.

त्याहून गंभीर बाब ०.००४ ची आहे. शाफ्टची मर्यादा किती आहे?

चाकण_क्वालिटी:
१९.९८७ ते २०.०००.

गेजरूम:
म्हणजे त्या मायक्रोमीटरवर १९.९९८ दिसलेला शाफ्ट प्रत्यक्षात २०.००२ असू शकतो, आणि १९.९९६ च्या वर वाचन आलेला प्रत्येक नग संशयास्पद ठरतो. मानकाच्या ७.१.५.२ मध्ये आधीच्या मोजमापांची वैधता तपासण्याची अपेक्षा आहे, आणि तुमच्या उत्तरात त्याचा उल्लेखच नाही. तपासणी पत्रकात प्रत्येक नगाचे वाचन नसून दर तासाला एकच असेल, तर कागदावरून निवड करता येणार नाही. शिल्लक माल चांगल्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजावा लागेल.

फाउंड्रीवाले:
एवढे कशाला? कॅलिब्रेशनचे सॉफ्टवेअर घ्यावे, ते मुदतीआधी ईमेल पाठवते. आमच्याकडे पायरोमीटरच्या बाबतीत अशीच एनसी आली होती आणि सॉफ्टवेअर घेतल्यावर ती बंद झाली.

गेजरूम:
आठवण करून देण्यासाठी सॉफ्टवेअर उपयोगी आहे, हे मान्य. परंतु इथे आठवण झाली होती, मुलगा गेजसाठी गेलाही होता. सॉफ्टवेअरमध्ये जागा चुकीची असेल, तर ईमेल आल्यावरही तो त्याच रिकाम्या रॅकपाशी पोहोचेल.

कृती म्हणून दोन गोष्टी लिहाव्यात: गेज हलवताना गेजरूमच्या सहीची हस्तांतरण चिठ्ठी, आणि न सापडलेल्या गेजची त्याच दिवशी क्वालिटी प्रमुखांकडे सूचना व सर्व लाइनवर शोध. मास्टर लिस्टमधील उरलेले गेजही एकदा प्रत्यक्ष जागेवर पडताळून घ्यावेत, कारण लाइन हलली तेव्हा हा एकटाच मायक्रोमीटर हलला असेल असे वाटत नाही.

मापनताई:
तारखेविषयी सांगते. ‘त्वरित’ ही तारीख नव्हे. माल मोजणे, पडताळणी आणि चिठ्ठी लागू करणे या प्रत्येकासमोर वेगळी तारीख व जबाबदार व्यक्तीचे पद लिहावे. परिणामकारकतेची तपासणी कॅलिब्रेशनची पुढची फेरी पूर्ण झाल्यानंतरच ठेवावी, कारण त्याआधी एखादा गेज चुकतो की नाही हे दिसणारच नाही.

फाउंड्रीवाले:
एवढी लांबची तारीख दिली तर सर्टिफिकेशन संस्था एनसी उघडी ठेवेल. सर्व काही एकाच आठवड्यात दाखवावे.

मापनताई:
कृतीची तारीख संस्थेने दिलेल्या मुदतीतच हवी, यात वाद नाही. मायनर एनसीत अनेकदा कृतीचा पुरावा पाहून एनसी बंद होते आणि परिणाम पुढच्या ऑडिटमध्ये पाहिला जातो. आपल्या संस्थेची पद्धत मात्र त्यांना विचारूनच घ्यावी.

चाकण_क्वालिटी:
आभार. शिल्लक माल आज मोजायला घेतला आहे आणि पहिल्याच क्रेटमध्ये दोन शाफ्ट २०.००१ निघाले. त्या काळातील बराच माल ग्राहकाकडे गेलेला आहे. त्यांना आताच कळवावे की मोजणी पूर्ण झाल्यावर? व्यवस्थापन थांबायला सांगत आहे.

गेजरूम:
मर्यादेबाहेरचे नग मिळाले आहेत, म्हणून माझ्या मते आजच कळवावे, सोबत संशयित लॉटचे क्रमांक द्यावेत.

मापनताई:
ग्राहकाशी झालेल्या करारात कळवण्याची मुदत दिलेली असते, ती आधी पाहावी. क्रमांक निश्चित नसताना पत्र पाठवले तर ग्राहक सगळाच माल अडवून ठेवू शकतो.