जायकवाडीची ऑनलाइन याचिका: सह्या आणि पैसे कुठं जातात?

प्रेषक: वैशाली, लीड्स

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर जायकवाडीच्या पाण्याची एक याचिका फिरतेय. चेंज डॉट ऑर्गवर आहे आणि 31 हजारांवर सह्या झाल्यात. सही केली की लगेच 5 पौंड द्या असं पान येतं. शिवाय मजकुराच्या शेवटी जालना जिल्ह्यातल्या एका संस्थेचा क्यूआर कोड आहे, टँकरसाठी मदत म्हणून. मंडळाच्या नावानं ही लिंक सगळ्या सभासदांना पाठवायची का, हे ठरवायचंय. पैसे नेमके कुणाच्या हातात पडतात?

प्रेषक: शरदराव, बर्मिंगहॅम

वैशाली, यात विचारायचं काय? मागणी शंभर टक्के रास्त आहे. 2014 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशात स्पष्ट आहे की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून पाणी खाली यायलाच पाहिजे. दर वेळी हक्काच्या पाण्यासाठी मराठवाड्यानं भांडत बसायचं का? 31 हजार लोक काय उगाच सही करतात?

प्रेषक: मेधा, रेडिंग

शरदराव, मागणीबद्दल माझं दुमत नाही. वैशालीचा प्रश्न वेगळा आहे, तेवढ्यापुरतं लिहिते.

सही केल्यावर येणारे 5 पौंड ना जालन्याला जातात, ना याचिका लिहिणाऱ्याला. ते चेंज डॉट ऑर्गकडेच राहतात आणि त्या रकमेत ही याचिका इतरांना जाहिरातीसारखी दाखवली जाते. त्या पानावर तसं लिहिलेलं असतं, पण नुकतीच सही केलेला माणूस भावनेच्या भरात वाचत नाही. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या याचिकेवर अनेकांनी असेच पैसे दिले आणि ते कुटुंबाला मिळतील असं धरून चालले. त्यावरून बराच गदारोळ झाला होता. जाहिरातीसाठी द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत, मात्र रक्कम एकदाच जाणार आहे की दरमहा, ते बटण दाबायच्या आधी बघावं.

सहीचं म्हणाल तर नाव आणि ईमेल दिला की झाली सही. माणूस पैठणचा आहे की पॅरिसचा, हे कुणी तपासत नाही. याचिका चालवणाऱ्याला सह्यांची यादी नाव-गावासकट उतरवून घेता येते. ईमेल मात्र साइट त्याला देत नाही. नाव जाहीर दिसू नये असं वाटत असेल तर सही करतानाच त्या चौकोनातली खूण काढावी. आणि 31 हजारांच्या पुढं 35 हजारांचं जे लक्ष्य दिसतं ते साइट आपोआप पुढं सरकवत राहते. तेवढ्या सह्या झाल्या म्हणून आपल्याकडचं कुठलंही सरकारी कार्यालय उत्तर द्यायला बांधील होत नाही. आकडा हा खरेपणाचा पुरावाही नव्हे. 2016 मध्ये इथल्या पार्लमेंटच्या स्वतःच्या साइटवरच्या ब्रेक्झिट याचिकेतून 77 हजार बोगस सह्या काढाव्या लागल्या होत्या, त्यातल्या 39 हजार व्हॅटिकनच्या नावावर होत्या.

आता ही याचिका. मी ती नीट वाचली आणि दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे फोटो. फलाटावर टाक्यांची रेल्वे उभी आहे आणि खाली लिहिलंय "आजची परिस्थिती". ती एप्रिल 2016 मधली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची गाडी आहे. फोटो गूगल लेन्सला दिला की त्या वेळच्या बातम्या समोर येतात. बरं, लातूर शहराला पाणी धनेगावच्या मांजरा धरणातून येतं, जायकवाडीतून नाही. म्हणजे लिहिणाऱ्यानं हाती लागला तो फोटो चिकटवला. यावरून माणूस खोटा ठरत नाही, पण काळजीनं लिहिलेलं नाही एवढं नक्की.

दुसरी गोष्ट, याचिका कुणाला उद्देशून आहे ते. "प्रति" मध्ये नुसतं "सरकार" आहे. वरच्या धरणांतून पाणी सोडायचा आदेश छत्रपती संभाजीनगरच्या गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडून निघतो. त्याचं नाव नाही, प्राधिकरणाचं नाही, 2014 च्या आदेशाचा उल्लेख नाही. सह्या गोळा झाल्यावर त्या कोण, कुणाकडं, कधी नेऊन देणार, याची एक ओळ नाही. मनापासून चालवलेल्या याचिकेत ती ओळ असतेच, आणि खाली "अमुक तारखेला निवेदन दिलं, ही पोच" अशा नोंदीही पडत जातात. इथं एकही नोंद नाही.

प्रेषक: गणेश, स्लाव

क्यूआर कोडचं सोपं आहे. परदेशात राहणाऱ्यानं भारतातल्या संस्थेला पैसे द्यायचे तर संस्थेकडं परदेशी देणगी घ्यायची एफसीआरए नोंदणी पाहिजेच. नसेल तर बेकायदा. विषय संपला.

प्रेषक: मेधा

गणेश, अर्धं बरोबर आहे. कायदा राहण्याचं ठिकाण बघत नाही, नागरिकत्व बघतो. तुमच्याकडं अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. संस्था पासपोर्टची प्रत मागते ती त्यासाठीच. पण ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल तर ओसीआय कार्ड असूनही तुम्ही परदेशी ठरता. मग संस्थेकडं एफसीआरए लागतं आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. 2020 च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. जालन्यातल्या खात्याचा क्यूआर त्यासाठी चालत नाही. आणि मंडळानं वर्गणी गोळा करून पाठवली तर मंडळ ही परदेशी संस्थाच. सभासदांचे पासपोर्ट कुठलेही असोत.

संस्था खरी आहे का, हे बघायला त्यांच्याकडून दोन नंबर मागा. सोसायटी म्हणून नोंदणीचा एक, "महाराष्ट्र/…/जालना" असा, आणि सार्वजनिक न्यास म्हणून दुसरा, "एफ-" पासून सुरू होणारा. तो charity.maharashtra.gov.in वर शोधून बघता येतो. शिवाय "शेड्यूल वन"चा उतारा मागा. आजचे विश्वस्त कोण ते त्यात असतं. क्यूआर स्कॅन करून पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते संस्थेचं आहे की कुणा एका माणसाचं, हेही बघा. इथं मी बघितलं तर एका व्यक्तीचं नाव आलं, आणि ते याचिका लिहिणाऱ्याचं नाही. हिशेब बघायचा तर अनुसूची 8 आणि 9 मागायच्या. धर्मादाय कार्यालयात दरवर्षी दाखल होतात, त्यामुळं "तयार नाहीत" हे कारण एकदाच ऐकून घ्यावं.

प्रेषक: सुनंदा, अंबाजोगाई

ताई, माझं जरा वेगळंच आहे. इकडं आमच्याकडं पीकविम्याच्या मागणीचा गूगल फॉर्म आला होता. "सही करा" म्हणून लिहिलेलं. मी नाव, मोबाइल, गट नंबर आणि आधार नंबर सगळं भरून टाकलं. ते पण चेंज डॉट ऑर्गसारखंच सुरक्षित असतं ना?

प्रेषक: मेधा

नाही सुनंदाताई. गूगल फॉर्ममध्ये भरलेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी फॉर्म बनवणाऱ्याच्या शीटमध्ये उतरते, मोबाइल आणि आधारसुद्धा. मध्ये कुणी नसतं. फॉर्म भरून झाल्यावर उत्तर बदलायची लिंक आली नसेल तर ते तुम्हाला मागंही घेता येत नाही. निवेदनाला आधार नंबर कधीच लागत नाही. आता एम-आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आणि त्या मोबाइलवर पीकविम्याच्या नावानं कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका.

प्रेषक: शरदराव

मेधा, तुझे मुद्दे कळले. पण सही करण्यात जातंय काय? पैसे देऊ नका, सही करा, असं मंडळानं कळवावं. मागणी रास्त असताना फोटोवरून मागं हटणं मला पटत नाही.

प्रेषक: वैशाली

संस्थेला आजच मेल केला. दोन्ही नंबर आणि शेड्यूल वन मागितलंय. याचिका लिहिणाऱ्यालाही साइटवरून विचारलंय की सह्या महामंडळाकडं कोण नेणार आणि खाते दुसऱ्याच माणसाच्या नावावर का आहे. क्यूआरचा भाग मंडळाकडून पुढं जाणार नाही, एवढं कार्यकारिणीला सांगते. सहीच्या बाबतीत शरदराव आणि मेधाताई, दोघांची मतं रविवारच्या बैठकीत मांडा. की विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडं आमदारामार्फत स्वतंत्र अर्ज करायचा? मजकूर कोणी लिहून देणार असेल तर कळवा.