मदत हवी आहे: फ्रेंच हॉर्नवर वरचे सूर फुटतात, कार्यक्रम तीन आठवड्यांवर

तुकोगंजकर
२३ डिसेंबरला इंदूरातच कार्यक्रम आहे आणि माझ्या हॉर्नवर वरचे सूर फुटतात. आठ वर्षं ट्रंपेट वाजवलाय, त्यामुळे फुंक आणि ओठ तयार आहेत. खाली सगळं ठीक. वर गेलो की जो सूर धरायचा त्याच्या शेजारचाच लागतो. एका जागी विश्रांतीनंतर एकदम वरचा पंचम धरायचाय, तो दहापैकी चार वेळा लागतो. शिवाय अख्खं वाद्य चढं बोलतं. मुख्य स्लाइड शेवटपर्यंत ओढली तरी ट्यूनर ३० सेंट वर दाखवतो. माउथपीस बदलू का? लवकर सांगा, हात जोडतो.

पितळी
फुटला आहे म्हणजे नेमका कुठे? जोडावर की वळणावर? बर्तन बाजारात झाळ लावणारे मिळतील, पण आच जास्त लागली तर वॉल्व्ह कायमचे अडकतात. माझ्या आजोबांचा बिगुल असाच गेला. आधी फोटो टाका.

तुकोगंजकर
पितळीदादा, वाद्य नाही हो, सूर फुटतो.

फौजी_हॉर्न
सिंगल आहे की डबल? डबल असेल तर पंचम कुठल्या बाजूवर वाजवता? आणि उजवा हात कुठे असतो?

स्नेहल_क
माउथपीस ट्रंपेटसारखा मधोमध ठेवत असाल. हॉर्नला दोन भाग वरच्या ओठावर आणि एक भाग खालच्या ओठावर ठेवतात. माझ्या भाच्याने एवढंच बदललं आणि सगळं जमलं.

तुकोगंजकर
डबल आहे. अंगठ्याचा वॉल्व्ह कधी दाबतो, कधी नाही, त्याचं काही ठरवलेलं नाही. उजव्या हाताने भोंग्याची कड बाहेरून धरतो, नाहीतर वाद्य पेलणार कसं? वॉल्व्ह तर डाव्या हाताला आहेत. माउथपीसचं सांगा ना.

फौजी_हॉर्न
मग माउथपीस राहू द्या. तुमचा उजवा हात भोंग्याच्या आत हवा. मी फौजी बँडमध्ये २२ वर्षं हॉर्न वाजवला. चढं बोलणं आणि वरचे सूर निसटणं, दोन्ही तक्रारी तिथूनच येतात.

तंबोऱ्याच्या खर्जात स्वयंभू गांधार ऐकू येतो ना, तो त्या तारेच्या स्वरशिडीची पाचवी पायरी. नळीतही तीच शिडी असते. ट्रंपेटची नळी पाचएक फुटांची, आणि त्यावर तुमचा पंचम सहाव्या पायरीवर येतो. शेजारी खाली गांधार, वर कोमल निषाद, म्हणजे दोन्हीकडे मोकळी जागा. ओठ जरा चुकला तरी नळी तुम्हाला पंचमावर ओढून आणते. हॉर्नची एफ बाजू सुमारे बारा फूट. तिथे लिहिलेला वरचा पंचम बाराव्या पायरीवर असतो. खालची अकरावी पायरी शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधे लोंबकळते, वरची तेरावी कोमल आणि शुद्ध धैवताच्या मधे. दोन्हीकडे जेमतेम पाऊण स्वराचं अंतर. म्हणून शेजारचा सूर लागतो.

आणखी एक अडचण आहे. तुम्ही फुंकलेली लाट भोंग्यापर्यंत जाऊन परत येते तोवर त्या पंचमासाठी ओठ सुमारे बारा वेळा फडफडलेले असतात. तेवढा वेळ नळी तुम्हाला काहीच सांगत नाही, सूर आधी डोक्यातच हवा. त्यात हॉर्नचा भोंगा इतका पसरट की वरच्या सुरांची लाट बरीचशी बाहेरच निघून जाते, परत थोडी येते. आत ठेवलेला हात त्यातली काही परत पाठवतो आणि ओठांना टेकू मिळतो. तुमचा हात बाहेर, म्हणजे टेकूच नाही.

सप्तक
काका, हे उलटं होईल. हात आत घातला की सूर अर्धा स्वर चढतो, प्रत्येक पुस्तकात आहे. हॉर्न आधीच चढा आहे, त्यात अजून चढवायचा?

फौजी_हॉर्न
पुस्तकातली ती गोष्ट भोंगा पूर्ण बंद करण्याची. नुसता हात ठेवला तर सूर उतरतो. घरी करून पाहा. एफ बाजूवर सहाव्या पायरीचा पंचम धरा आणि हात हळूहळू मिटा. सूर घसरत मध्यमावर येईल, म्हणजे गांधाराच्या अर्धा स्वर वर. आता सोडा आणि झटकन बंद करून फुंका. कोमल धैवत मिळेल आणि तुम्ही म्हणाल, चढला. पण तो वरचा कोमल निषाद खाली उतरून तिथे आलेला असतो.

सप्तक
तरी वाजवताना बोटं अर्धा स्वर खालचीच धरावी लागतात ना? मग चढतो म्हणण्यात चूक काय?

फौजी_हॉर्न
बोटांचं बरोबर आहे, तेही एफ बाजूवरच. छोट्या बी-फ्लॅट बाजूवर ते माप चुकतं.

शंखनाद
आमच्या ढोलपथकात मी शंख वाजवतो. तोंडात बोटं सरकवली की सूर उतरत जातो, हे मी रोज करतो. कारण आज कळलं.

तुकोगंजकर
काल रात्री हात आत घातला. आता २५ सेंट खाली, आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा. स्नेहलताईंचं ओठांचंही केलं. काहीच नीट नाही.

फौजी_हॉर्न
हात फार खोल गेलाय आणि तळवा मिटलाय. शिवाय बाहेर ओढलेली स्लाइड तशीच ठेवली असणार. ती आधी निम्मी आत घ्या.

बोटं एकमेकांना चिकटवा, फट नको, अंगठा पहिल्या बोटाच्या कडेला. पाणी प्यायला एका हाताची ओंजळ करतो तेवढाच बाक. बोटांची नखांकडची बाजू भोंग्याच्या अंगापासून दूरच्या भिंतीला टेकवा, तळवा स्वतःच्या पोटाकडे. भोंग्याची कड मांडीवर ठेवा, म्हणजे हाताला वजन पेलावं लागणार नाही. मग एक लांब सूर धरून मनगटाकडचा भाग अंगाकडे जरासा आणा आणि परत न्या. आवाज जिथे झाकोळायला लागतो, त्याच्या किंचित अलीकडे थांबा. ती तुमची जागा. तुमचा तळवा आणि माझा तळवा सारखा नाही, म्हणून इंच सांगत नाही.

आणि तो पंचम अंगठा दाबून धरा. बहुतेक डबल हॉर्नवर दाबल्यावर सुमारे नऊ फुटांची नळी मिळते. तिथे पंचम नवव्या पायरीवर येतो, खाली मध्यम, वर धैवत, दोन्हीकडे जवळपास पूर्ण स्वराची जागा.

तुकोगंजकर
चार दिवसांनी सांगतोय. स्लाइड निम्मी, ट्यूनर ५ सेंटच्या आत. अंगठा दाबून पंचम दहापैकी आठ वेळा लागला. न दाबता अजून पाचच. फुंकण्याआधी मनात पंचम गुणगुणला नाही तर दोन्हीकडे मध्यमासारखं काहीतरी निघतं. पण हळू वाजवताना हात नकळत मिटतो आणि सूर पडतो. आणि मांडीवर ठेवलं की माउथपीस हनुवटीखाली येतो, मी उंच आहे.

फौजी_हॉर्न
मग मांडीवरून उचला, अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या वरच्या बाजूवर पेला. माझा एक साथीदार सगळी नोकरी तसंच वाजवायचा. हात मिटतो तो कानाने पकडा. सूर पडायच्या आधी आवाजाची चकाकी जाते.

सप्तक
मी ते मध्यमाचं केलं. घसरला खरा. पण कोमल धैवत मला दोन्ही वेळा जरा चढाच आला. माझ्याकडे सिंगल बी-फ्लॅट आहे, त्यामुळे असेल का?

स्नेहल_क
दोन तृतीयांश ओठाचं किती दिवस केलंत ते सांगितलं नाहीत.