कॅसल झाल्यावर h3 लगेच, नंतर, की कधीच नाही?

घोडबंदरची आई: मुलगा अकरा वर्षांचा आहे, बुद्धिबळ शिकतोय. आधीचे सर म्हणायचे, कॅसल झालं की h3 करून टाकायचं, म्हणजे h चं प्यादं एक घर पुढे ढकलायचं, राजाला पळवाट होते. आताचे सर म्हणतात, राजासमोरच्या प्याद्यांना हात लावायचा नाही. मागच्या रविवारी वाशीच्या स्पर्धेत एक हत्ती जास्त असताना तो शेवटच्या ओळीत मात खाऊन आला आणि ठाण्यापर्यंत लोकलमध्ये एक शब्द बोलला नाही. कोणाचं ऐकायचं?

नेरुळकर_e4: आताच्या सरांचं. दहाव्या चालीला h3 म्हणजे एक चाल फुकट. समोरच्याने दुसऱ्या बाजूला कॅसल केलं असेल तर त्याचं प्यादं g5, g4 असं धावत येतं आणि तुमच्या h3 ला धडकून फाईल उघडतं. h2 वरच असतं तर त्याला धडकायला काही मिळालं नसतं. एक हत्ती पहिल्या ओळीत ठेवा, मात होत नाही. विषय संपला.

जुना_पट: ताई, दोन्ही सर अर्धं सांगतायत. आणि नेरुळकर, विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. पहिल्या ओळीत हत्ती आहे, हे आत्ता दिसतं. तीन माऱ्यांनंतर तो तिथे असणार का, हे बघायचं असतं.

१९१४ चा मॉस्कोतला बर्नस्टीन विरुद्ध कापाब्लांका हा डाव मुलाबरोबर पटावर मांडा. कापाब्लांका काळा. त्याचं एक प्यादं c3 पर्यंत आलेलं, त्यामागे d5 वर घोडा आणि c5 वर हत्ती. बर्नस्टीनचे दोन हत्ती c2 आणि c1 वर, वजीर e2 वर, आणि f2, g2, h2 ही तिन्ही प्यादी जागच्या जागी. पहिल्या ओळीत हत्ती आहेच की! त्याने हिशेब केला: मी तीनदा मारतो, तो दोनदा, म्हणजे प्यादं सुटं मिळालं. सत्ताविसाव्या चालीला घोड्याने c3 घेतलं. काळ्याने घोड्याने घोडा मारला, पांढऱ्याने c2 च्या हत्तीने तो घोडा, काळ्याने हत्तीने हत्ती, आणि पांढऱ्याने c1 च्या हत्तीने परत मारलं.

इथे थांबून मुलाला पहिली ओळ दाखवा. राजा सोडून तिथे कोणी उरलेलं नाही. काळ्याचा d8 चा हत्ती सरळ d1 कडे बघतोय आणि ते घर फक्त e2 चा वजीर राखतोय. मग कापाब्लांकाने वजीर b2 वर ठेवला, पांढऱ्या वजिराच्या तोंडात. मारला तर हत्ती d1 वर, मात. नाही मारला तर c3 चा हत्ती जातो. बर्नस्टीनने डाव सोडला. h प्यादं h3 वर असतं, तर वजीर मारून d1 च्या शहाला राजा h2 वर गेला असता आणि पांढरा एका वजिराने वर असता.

बेलापूरचे काका: माझ्या मते मुलांना कॅसल करायलाच लावू नये. राजा मध्ये असला की अशी मात होतच नाही. आम्ही पूर्वी असेच खेळायचो.

घोडबंदरची आई: काका, तो कॅसल तर करणारच. त्यानंतर काय, ते विचारतेय.

ऐरोली_ब्लिट्झ: मी पहिल्या सरांच्या विरुद्ध. आमच्या कॉलनीत रविवारी डाव रंगतात. समोरच्याने h3 केलेलं होतं, त्यामुळे तो निर्धास्त. माझा उंट d6 वर, मधली e5, f4, g3 ही घरं मोकळी. मी हत्ती e1 वर टाकला. तो राजा h2 कडे नेणार तेवढ्यात त्याला दिसलं की ते घर उंटाच्या माऱ्यात आहे. मात. तेव्हा h3 ही पळवाट वगैरे काही नाही, नुसतं समाधान आहे.

जुना_पट: तुमचं उदाहरण चोख आहे, निष्कर्ष पटत नाही. h3 ने मिळणारं h2 हे काळं घर. समोरच्याकडे काळ्या घरांचा उंट असेल आणि त्याची ती तिरकी मोकळी असेल, तर ते दार बाहेरून कडी लावलेलं समजा. मग g3 करून g2 उघडावं, ते पांढरं घर आहे. पण त्याचा पांढऱ्या घरांचा उंट b7 वर बसून लांबून बघत असेल तर g2 पण बाद, शिवाय f3 आणि h3 कायमची कच्ची होतात. म्हणून प्यादं हलवण्याआधी त्याच्याकडे कोणता उंट शिल्लक आहे ते बघायचं. काळ्याकडून खेळताना उलटं: h6 ने h7 मिळतं, ते पांढरं, त्यावर d3 चा उंट टपलेला असतो.

नेरुळकर_e4: बरं, उंटाचं मान्य. पण तुम्हीही कॅसल झाल्या झाल्या h3 करा असं म्हणत नाही आहात, म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. आणि कापाब्लांकाची तिन्ही प्यादी पण f7, g7, h7 वरच होती. तो कुठे मेला?

जुना_पट: मरता मरता वाचण्याइतका जवळ होता. b2 च्या चालीनंतर पांढऱ्याने वजीर d3 वर नेला असता तर? काळ्याच्या वजिराने लगेच c3 चा हत्ती खाल्ला, तर पांढरा वजीर d8 वर हत्ती मारून मात करतो. काळ्याच्या हत्तीने d3 चा वजीर खाल्ला, तर पांढरा हत्ती c8 वर शह देतो. काळा हत्ती d8 वर परत येऊन आडवा पडतो, तो मारला की मात. दोन्ही हावरट चाली हरतात. आधी वजिराने a1 वर शह द्यायचा, पांढरा वजीर f1 वर परतला की मग c3 खायचा. कापाब्लांकाच्या राजालाही पळवाट नव्हती, पण पहिला शह त्याच्या हातात होता, त्यावर तो तरला.

माझ्या मते वेळ अशी ओळखावी: मधली एखादी फाईल उघडली, दोघांचे हत्ती तिच्यावर आले, आणि पहिली अदलाबदल व्हायची आहे. त्याच्या आधीची एखादी शांत चाल पळवाटीला द्यावी. पहिल्या ओळीच्या राखणदाराला दुसरंही काम असेल, बर्नस्टीनच्या वजिरासारखं, तर तो राखणदार धरायचाच नाही. आणि दोन्ही वजीर पटावरून गेले असतील तर h3 पेक्षा बहुतेक वेळा राजा f1 वर आणणं बरं. मातही टळते आणि शेवटासाठी राजा मध्याकडे निघतो.

ऐरोली_ब्लिट्झ: तीन मिनिटांच्या डावात एवढं मोजायला वेळ कुठे असतो? त्यापेक्षा सवयीचं h3 परवडलं.

नेरुळकर_e4: आत्ताच h3 म्हणजे नुसतं समाधान म्हणालात की!

ऐरोली_ब्लिट्झ: समोर काळ्या घरांचा उंट असेल तर. नसेल तर करून मोकळं व्हावं.

घोडबंदरची आई: डाव मांडला. मुलगा विचारतोय, बर्नस्टीनने h3 नक्की कधी करायला हवं होतं? त्याचा घोडा d4 वरून b3, परत d4, मग b5 असा फिरला. त्यातली एक चाल देता आली असती का?

जुना_पट: मला वाटतं, b5 वर जाण्याऐवजी. तोपर्यंत दोन्ही बाजूंचे हत्ती समोरासमोर आलेले होते.

नेरुळकर_e4: b3 आणि d4 या चाली हत्तीवर मारा करत होत्या, त्या फुकटच्या नव्हत्या. आणि b5 च्या जागी h3 केलं असतं तर c3 चं प्यादं तसंच घशात अडकून राहिलं असतं, ते कोण काढणार? मला हे पटलेलं नाही. रात्री पट मांडून बघतो, मग लिहितो.